दमट हवेतील चालणे, चढती नाडी आणि ऑक्सिजन

«कोकणातल्या दमट हवेत ऑक्सिजन कमी असतो. म्हणूनच एकाच गतीने चालत असलो तरी नाडी वाढत जाते. नाडी अशी चढली म्हणजे हृदय थकले असे समजावे आणि लगेच थांबावे. निघण्यापूर्वी दहा मिनिटे जोरजोराने खोल श्वास घेऊन ऑक्सिजन साठवून ठेवावा. सर्वांना पाठवा.»

मे महिना आला आणि मळभ दाटू लागले की हा संदेश किनाऱ्यावरच्या गावागावांतून फिरू लागतो. तो वाचून नियमित चालणारी माणसे घाबरून घरी बसतात. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे त्यातला शेवटचा सल्ला काही ठिकाणी प्रत्यक्ष जिवावर बेतू शकतो. त्यामुळे त्यातील एकेक विधान तपासून पाहणे आवश्यक आहे.

आरंभ हवेपासून करू. हवेत पाण्याची वाफ वाढली की त्या प्रमाणात इतर वायूंचा वाटा थोडा घटतो, हे खरे आहे. रत्नागिरीत ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना ऑक्सिजनचा अंशदाब, म्हणजे हवेच्या एकूण दाबातील त्याचा वाटा, पाऱ्याच्या १५९ मिलिमीटरवरून सुमारे १५३ मिलिमीटरवर येतो. परंतु फुप्फुसांना ही हवा आहे तशी कधीच मिळत नाही. नाक, घसा आणि श्वासनलिका आत आलेल्या प्रत्येक श्वासाला ३७ अंशांपर्यंत ऊब देतात आणि पाण्याच्या वाफेने पूर्ण भरून टाकतात. त्यामुळे बाहेरची हवा सोलापूरची कोरडी असो वा भाट्येच्या पुळणीवरची ओलसर, समुद्रसपाटीच्या दाबाला श्वासनलिकेतील वाफेचा दाब ४७ मिलिमीटर आणि ऑक्सिजनचा अंशदाब सुमारे १४९ मिलिमीटर एवढाच ठरतो. आत पोहोचेपर्यंत दमटपणाचा फरक उरतच नाही.

ऑक्सिजनचा दाब खऱ्या अर्थाने घटतो तो उंचीमुळे. सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात श्वासनलिकेतील हाच आकडा १३९ च्या आसपास येतो आणि महाबळेश्वरला सुमारे १२५ पर्यंत उतरतो. घाट उतरून किनाऱ्यावर आलेल्या माणसाला येथे ऑक्सिजन अधिकच मिळत असतो, आणि तरीही त्याची नाडी तेथल्यापेक्षा येथे जास्त चढते. तेव्हा कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

ते शोधण्यासाठी एक उदाहरण आकड्यांसह मांडतो. समजा, ४५ वर्षांच्या, ६० किलो वजनाच्या एक बाई सपाट पुळणीवर ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास एकसारख्या गतीने पाऊण तास चालतात. अशा चालण्याला विश्रांतीच्या साधारण चौपट ऊर्जा लागते, म्हणजे त्यांचे शरीर मिनिटाला सुमारे ८४० मिलिलिटर ऑक्सिजन वापरते. पहिल्या तीन-चार मिनिटांत नाडी आणि श्वास चढतात आणि मग स्थिरावतात. दहाव्या मिनिटाला त्यांची नाडी ११० आहे आणि हृदय दर ठोक्याला ९० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते असे धरू. मिनिटाला ९.९ लिटर रक्त फिरते. हिमोग्लोबिन १३ असेल तर त्यांच्या धमनीतील एक लिटर रक्तात साधारण १७० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, आणि त्यातील सुमारे ८५ मिलिलिटर स्नायू व इतर अवयव काढून घेतात. उरलेला अर्धा शिरांतून तसाच परत येतो. पुरवठा तोकडा पडत असल्याचे यात कोठेही दिसत नाही.

आता चाळिसाव्या मिनिटाला पाहू. गती तीच आहे, ऑक्सिजनची गरज जवळपास तेवढीच आहे, पण नाडी १२४ झाली आहे. मात्र दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त ९० वरून ८० मिलिलिटरवर आले आहे. गुणाकार केला तर पुन्हा ९.९ लिटरच येतात. एकूण रक्तप्रवाह कायम राखून हृदयाने केवळ कामाची वाटणी बदलली आहे. शरीरक्रियाशास्त्रात याला कार्डिओव्हॅस्क्युलर ड्रिफ्ट म्हणतात. मध्यम व्यायाम दहा मिनिटांपलीकडे चालू राहिला की निरोगी माणसातही तो दिसतो, आणि उष्ण दमट हवेत अधिक ठळक होतो.

असे होण्याचे मूळ उष्णतेत आहे. सपाटीवर चालताना खर्च होणारी जवळजवळ सगळी ऊर्जा शेवटी उष्णता होते. आपल्या उदाहरणात पाऊण तासात ती सुमारे १८० किलोकॅलरी भरते. यातली काहीच उष्णता बाहेर पडली नाही, तर ६० किलोच्या शरीराचे तापमान साडेतीन अंशांनी वाढेल. घामाचा एक लिटर बाष्प होऊन उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे पाऊण तासासाठी जेमतेम तीनशे मिलिलिटर घाम पुरा पडावा. अट एवढीच की तो उडाला पाहिजे. हनुवटीवरून ठिबकणारा घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र मागेच ठेवतो.

घाम किती वेगाने उडेल हे त्वचेवरील आणि हवेतील वाफेच्या दाबांच्या फरकावर ठरते. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेवर हा दाब सुमारे ४२ मिलिमीटर असतो. रत्नागिरीच्या वर सांगितलेल्या हवेत तो २८ च्या पुढे असतो, म्हणजे फरक १३-१४ मिलिमीटरचा उरतो. सोलापुरात ३८ अंश तापमान आणि २५ टक्के आर्द्रता असेल तर हाच फरक ३० च्या आसपास भरतो. पारा सहा अंशांनी वर असूनही तेथे घाम दुपटीहून अधिक सहज उडू शकतो. कोकणच्या उकाड्याची खरी अडचण ही आहे.

उष्णता बाहेर पडेनाशी झाली की शरीराचे तापमान थोडे वाढते, आणि त्वचेकडे जाणारा रक्तप्रवाह विश्रांतीच्या मानाने कित्येक पटींनी वाढवला जातो. त्वचेखालच्या शिरांमध्ये रक्त रेंगाळते. घामामुळे रक्तातील पाण्याचा भागही कमी होतो. परिणामी हृदयाकडे परतणारे रक्त घटते. त्यातच तापमानाच्या वाढीने नाडी चढते, आणि नाडी चढली की दोन ठोक्यांमध्ये हृदय भरण्यास मिळणारा वेळही आखडतो. या कारणांत कोणाचा वाटा किती, यावर संशोधकांत मतभेद आहेत. टेक्सास विद्यापीठातील एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सायकल चालवणाऱ्या तरुणांना नाडी चढू न देणारे बीटा-ब्लॉकर औषध अल्प मात्रेत दिल्यावर दर ठोक्याचे रक्तही घटले नाही. प्रयोग माफक उबदार हवेतला होता, त्यामुळे आपल्या उकाड्याला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. हृदयाचा स्नायू दुबळा पडल्यामुळे दर ठोक्याचे रक्त घटत असते, तर केवळ नाडी आवरून ते सावरले नसते.

हा ड्रिफ्टच आहे हे कसे ओळखावे? दहाव्या, पंचविसाव्या आणि चाळिसाव्या मिनिटाला नाडी मोजावी. ड्रिफ्ट हळूहळू आणि नियमित लयीत चढतो. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर, घाम पुसून, त्याच हलक्या कपड्यांत वजन करावे. वजनात अर्ध्या किलोची घट दिसली तर ते बहुतांशी गेलेले पाणी होय. वजनाच्या एक टक्का पाणी घटले की त्याच कामाला नाडी मिनिटाला काही ठोक्यांनी वाढते. पाणी पीत राहिल्यास त्यातला काही भाग टळतो, सगळा टळत नाही, कारण त्वचेकडे वळलेले रक्त पाण्याने परत येत नाही. तेच अंतर त्याच गतीने डिसेंबरच्या पहाटे चालून पाहावे, किंवा घरातल्या ट्रेडमिलवर पंखा समोर ठेवून पाहावे. चढ स्पष्टपणे कमी झाली तर कारण उष्णताच आहे.

अर्थात प्रत्येक वाढती नाडी निरुपद्रवी असते असे मी म्हणत नाही. नाडी अचानक उसळणे, ठोके अनियमित पडणे, छातीत दाब येऊन तो जबड्याकडे किंवा हाताकडे पसरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, किंवा पूर्वी सहज होणाऱ्या चालण्याला बोलवेनासे होणे, यांपैकी काहीही झाले तर थांबून डॉक्टरांकडे जावे. बोलण्यात गोंधळ होऊ लागला तर तो उष्माघात समजून सावलीत नेणे, अंगावर पाणी ओतून वारा घालणे आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलावणे, हे उशीर न करता केले पाहिजे. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांनी नाडीच्या आकड्यावर विसंबू नये, कारण ती औषधाने दबलेली असते. सलग वाक्य बोलता येते का, हीच त्यांच्यासाठी अधिक भरवशाची खूण आहे.

आता श्वासाकडे वळू. १९०५ साली जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जॉन प्रीस्टली यांनी दाखवले की विश्रांतीत श्वासाचे नियमन मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या पातळीवरून होते. १९१३ साली ऑगस्ट क्रोग आणि योहान्स लिंडहार्ड यांनी दाखवले की व्यायाम सुरू होताक्षणीच, रक्तातील बदल पोहोचण्यापूर्वी, श्वास वाढतो. मेंदू आणि हलणारे स्नायू यांच्याकडून येणारे चेतासंदेश आधी गती ठरवतात, आणि मग कार्बन डायऑक्साइडच्या निर्मितीप्रमाणे ती नेमकी केली जाते. आपल्या उदाहरणातील बाईंचा श्वास मिनिटाला सात लिटरांवरून बावीसच्या आसपास जाईल. निरोगी फुप्फुसांच्या क्षमतेचा हा लहानसा भाग आहे, आणि एवढ्या श्वासात धमनीतील ऑक्सिजनची पातळी विश्रांतीइतकीच राहते. उष्णतेने श्वास आणखी थोडा भरभर होतो. त्यामागेही ऑक्सिजनची उणीव नसते. शंका असल्यास थांबून, बोट स्थिर ठेवून ऑक्सिमीटरचा आकडा पाहावा, कारण हात हलत असताना ते यंत्र चुकते. विश्रांतीच्या तुलनेत चार किंवा अधिक अंकांची घट वारंवार दिसली तर मात्र तपासणी हवी.

साठवणुकीचा हिशेबही करून पाहू. विश्रांतीतच हिमोग्लोबिन ९७ टक्क्यांच्या आसपास भरलेले असते. जोरजोराने श्वास घेऊन फुप्फुसांतील ऑक्सिजनचा दाब १०० वरून १३० केला, तरी एका लिटर रक्तात जास्तीचा विरघळणारा ऑक्सिजन एक मिलिलिटरही भरत नाही, आणि हिमोग्लोबिनमध्ये पडणारी भरही तीन-चार मिलिलिटरांचीच असते. श्वास नेहमीसारखा झाला की थोड्याच वेळात तीही निघून जाते. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. चालणाऱ्याच्या बाबतीत एवढ्यावर निभावते. विहिरीत किंवा खाडीत बुडी मारण्यापूर्वी मुले हाच प्रकार करतात, तेव्हा मात्र तो जीव घेऊ शकतो. श्वास घेण्याची अनिवार ओढ कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे लागते. तो आधीच घालवून टाकलेला असल्याने ती ओढ लागण्यापूर्वीच मेंदूचा ऑक्सिजन संपतो आणि मुलाची शुद्ध पाण्याखाली हरपते, तीही कोणतीही सूचना न मिळता. हा संदेश पोहणाऱ्या मुलांच्या हाती पडला असेल, तर त्यांना ही गोष्ट आजच समजावून सांगावी.