कमोडच्या टाकीला घाम फुटतो आणि पुसायचा मात्र मी

जुलै उजाडला की आमच्या घरातल्या खालच्या संडासात टप... टप... सुरू. न्यू जर्सीतलं विहिरीच्या पाण्यावर चालणारं जुनं घर घेतलं, तेव्हा एजंटाने बाग दाखवली, तळघर दाखवलं. फ्लश टँकला पावसाळी म्हशीसारखा घाम फुटतो, हे कोणी सांगितलं नाही. खाली पायपुसणं, त्यावर जुना टॉवेल, त्यावर अजून एक टॉवेल. रोज पिळायचे, रोज वाळत घालायचे, आणि इथल्या दमट हवेत ते वाळतही नाहीत मेले.

सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात. पहिल्याच दिवशी त्यांनी निदान केलं, "अगं, टाकी माठासारखी पाझरतेय." आई, माठ भाजलेल्या पण बिनलेपाच्या मातीचा असतो. ही टाकी चिनी मातीची, वर काचेसारखा लेप असलेली, तिच्यातून थेंबसुद्धा बाहेर येणार नाही. पण त्यांचंही चुकत नाही. डोंबिवलीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाने आधीच कोमट झालेलं असतं, त्यामुळे त्यांनी हा प्रकार आयुष्यात पाहिलेला नाही. इथे विहिरीतून येणारं पाणी भर उन्हाळ्यातही १३ अंश सेल्सिअसच्या आसपास. बाथरूममध्ये २५ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली तर दवबिंदू २१ अंशांवर जातो, म्हणजे त्याहून गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर हवेतली वाफ पाणी होऊन बसणार. गार पन्ह्याचा स्टीलचा पेला बाहेरून ओला होतो ना, तेच. फरक एवढाच की पेला पिऊन संपतो. ही टाकी प्रत्येक फ्लशनंतर नव्याने सहा लिटर बर्फगार पाणी भरून घेते आणि पुन्हा पहिल्यापासून घाम गाळायला बसते.

मला खरा राग आहे तो प्लंबरवर. आला, वाकून पाहिलं, खालच्या लाकडी जमिनीवरचा काळा डाग पाहिला आणि ठामपणे म्हणाला, कमोडखालची मेणाची रिंग गेलीय. अख्खा कमोड उचलला, रिंग बदलली, ३५० डॉलर घेतले. तिसऱ्या दिवशी टप... टप... पुन्हा हजर! रिंग फुटली असती तर फ्लश केल्यावर बुडाशी पाणी आलं असतं. इथे पाणी वरून, टाकीच्या बोल्टवरून पडत होतं. टाकीवर बोट फिरवायचीसुद्धा तसदी घेतली नाही महाशयांनी.

मग मीच बसले तपासाला. टाकी पूर्ण कोरडी पुसली, पाण्यात खाण्याचा लाल रंग टाकला आणि खाली पांढरा टिश्यू पसरला. पडलेले थेंब स्वच्छ, रंगाचा मागमूस नाही. म्हणजे टाकीतलं पाणी गळत नव्हतं, बाहेरची वाफ जमत होती. (थेंब लाल आले असते तर बोल्टचे रबरी वॉशर गेलेत असं समजायचं.) आणखी एक खूण डोळ्यांसमोर होती, मीच इतके दिवस पाहिली नव्हती: दवाचे थेंब फक्त पाण्याच्या पातळीपर्यंत, त्याच्या वर टाकी कोरडी ठाक.

पण त्याच चाचणीत दुसरा चोर सापडला. वीस मिनिटं कोणी फ्लश केलं नव्हतं, तरी कमोडच्या भांड्यातलं पाणी गुलाबी! टाकीच्या तळाचं भोक झाकणारं रबरी झाकण, म्हणजे फ्लॅपर, नीट बसत नव्हतं. रात्री दोन वाजता आपोआप फुस्स करून टाकी भरल्याचा आवाज यायचा, तो यामुळे. टाकीतलं पाणी एरवी दोन-तीन तासांत कोमट होऊन घाम थांबायला हवा. आमच्याकडे थोडं पाणी सतत खाली जायचं, त्याच्या जागी विहिरीचं गार पाणी यायचं, आणि टाकी रात्रभर गारच राहायची. नवा फ्लॅपर बसवला, त्याची बैठक घासून साफ केली, साखळी किंचित सैल ठेवली. आठ-दहा डॉलरचं काम! दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवेल कोरडा. मी अक्षरशः नवऱ्याला उठवून दाखवला. तो म्हणाला, "बरं." बरं काय, बरं?

अर्थात दिवसा पाच माणसं वापरायला लागली की पुन्हा ओलं. त्यावर उपाय आतून फोम चिकटवण्याचा. तोही मी पहिल्यांदा घाईत केला. टाकी वरवर पुसली, गोंद लावला, तासाभरात पाणी सोडलं. रात्री एक तुकडा सुटला, नेमका फ्लॅपरखाली जाऊन अडकला, आणि विहिरीचा पंप पहाटेपर्यंत घरघरत होता. डोक्याला नुसता ताप! दुसऱ्या खेपेला अँगल कॉक बंद केला, फ्लश करून उरलेलं पाणी स्पंजने टिपलं, केस वाळवायच्या ड्रायरने टाकीचे कोपरेसुद्धा वाळवले. चारही भिंतींना आणि मोकळ्या तळाला फोम सिलिकॉनने चिकटवला, फ्लोट आणि फ्लॅपरच्या वाटेत काही येऊ दिलं नाही, आणि पूर्ण चोवीस तास टाकीला हात लावला नाही. त्या दिवशी सगळ्यांनी वरचं बाथरूम वापरलं, त्यावरूनही घरात महाभारत झालं.

मग सल्लागार. एक जण म्हणे, एक्झॉस्ट फॅन लाव. अहो, बाहेरची हवा आतल्याहून जास्त दमट असताना फॅन आतली बाहेर टाकणार, आणि तिच्या जागी बाहेरचीच दमट हवा आत येणार! आंघोळीची वाफ घालवायला तो ठीक, जुलैतल्या हवेपुढे तो काय करणार? आर्द्रता खरंच उतरवायची तर डीह्युमिडिफायर हवा. २५ अंशांना ५० टक्क्यांवर आणली तर दवबिंदू १४ च्या जवळ येतो, म्हणजे १३ अंशांच्या पाण्यावर जेमतेम काही जमेल. तळघरात तो लावलाय, वीजबिलाबद्दल बोलायला नको. दुसरा म्हणे, टाकीला टॉवेलच्या कापडाचं कव्हर घाल. ते घाम थांबवत नाही, शोषून घेतं, आणि आठवड्यात कुबट वास मारतं.

गार पाण्यात थोडं गरम मिसळणारा व्हॉल्व्हही मिळतो. पण त्यासाठी गरम पाण्याची लाइन संडासापर्यंत हवी, म्हणजे आमच्याकडे भिंत फोडणं आलं. शिवाय हीटर घराच्या दुसऱ्या टोकाला. पाइपात साचलेलं थंड पाणी आधी येणार, सहा लिटर तेवढ्यातच भरणार, आणि गरम पाणी पोहोचेपर्यंत टाकी बंद. आणि फ्लॅपर गळका राहिला असता तर गरम केलेलं पाणीच गटारात गेलं असतं. नको.

तर फोम बसून आता तीन आठवडे झाले. टाकी बाहेरून कोरडी आहे, हात फिरवून पाहिलाय. आज सकाळी मात्र खाली पुन्हा ओलं. वाकून पाहिलं, तर भिंतीतून निघणारा धातूचा पाइप आणि अँगल कॉक दोघेही घामाने डबडबलेले! आतला फोम त्यांच्यापर्यंत कसा पोहोचणार? पाइपावर गुंडाळायची फोमची नळी आणायला नवऱ्याला पाठवलंय. तोवर कॉकखाली श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवलाय, आणि सासूबाईंनी त्यातलं पाणी तुळशीला घालायला सुरुवात केलीय.