माझी लेक सीए झाली

काल निकाल लागला. मनू सीए फायनलचा दुसरा ग्रुपही पास झाली. पहिला आधीच सुटला होता, म्हणजे परीक्षा संपली, माझी लेक सीए झाली. हे मला मोठ्या अक्षरांत, सगळ्यांना दिसेल असं लिहायचंय, म्हणून लिहितेय.

सकाळपासून फोन थांबलेला नाही. अभिनंदनाच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला, "तिच्या वडिलांना कळवलंस का गं?" त्याचं उत्तर मी फोनवर दिलं नाही आणि इथेही देणार नाही. आमच्या घरात आम्ही दोघी आहोत, मनू पहिलीत होती तेव्हापासून. का, कसं, चूक कोणाची, हे तिच्या गुणपत्रिकेत कुठेही विचारलेलं नाही, मग मी तरी का सांगू? आजची बातमी तिच्या अभ्यासाची आहे आणि मला अभ्यासाबद्दलच बोलायचंय.

सीए फायनल म्हणजे काय, हे मलाही तिच्यामुळेच कळलं. सहा पेपर, प्रत्येकी १०० गुणांचे, तीन-तीनचे दोन ग्रुप. प्रत्येक पेपरात निदान ४० हवेत आणि ग्रुपच्या ३०० पैकी निदान १५०. या दोन अटी एकत्र असतात, तिथेच मुलं अडकतात. मनूला पहिल्या ग्रुपमध्ये फायनान्शियल मॅनेजमेंटला ६३, फायनान्शियल रिपोर्टिंगला ४२ आणि ऑडिटला ४१ मिळाले. तिन्ही पेपरांत पास. पण बेरीज १४६. चार गुण कमी, ग्रुप गेला.

त्या दिवशी आमच्या गल्लीत "नापास झाली" एवढंच पोचलं. त्याच्या मागोमाग "घरात बापाचा धाक नाही ना" हेही पोचलं. ज्यांनी ते म्हटलं त्यांना त्या ६३ चा अर्थ माहीत नव्हता. एखाद्या पेपरात ६० किंवा जास्त मिळाले की पुढच्या तीन परीक्षांपर्यंत त्या पेपरातून सूट मिळते. गुण जमा राहतात, पेपर पुन्हा द्यावा लागत नाही. म्हणजे मनूला आता उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८७ हवे होते, दोन्हीत निदान ४० राखून. रडून झाल्यावर तिने हे गणित मला वहीत मांडून दाखवलं आणि पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरला.

मग तिने ऑडिटच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. तसा अर्ज करता येतो. मला वाटतं तिचं सीए होणं तिथे ठरलं. प्रत उघडून बसली तर उत्तरं चुकलेली नव्हती, पण गुण अर्धेच. हे का, तर तिने आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीत, शिकलेलं लिहिलं होतं. तीन वर्षं (तिची जुन्या नियमाची, आता ती दोन वर्षांची झालीय) सांगलीतल्या एका ऑफिसात तिने एप्रिलमध्ये बँकांच्या शाखांचं ऑडिट केलं, जुलैत रिटर्न भरली, सप्टेंबरात टॅक्स ऑडिटच्या फायली उपसल्या. काम हाताखालून गेलेलं, त्यामुळे प्रश्न वाचला की "आपण काय करतो" हे ती सरळ लिहून मोकळी व्हायची. पेपर तपासणाऱ्याला आधी ऑडिटचं मानक हवं असतं. समजा, एखादी कंपनी पुढचं वर्ष तग धरेल का याची शंका आहे. तिथे एसए ५७० हे मानक काय सांगतं, या प्रकरणातल्या कुठल्या गोष्टी त्यात बसतात आणि म्हणून अहवालात काय लिहायचं, या क्रमाने उत्तर यायला हवं. मनूने शेवटचं वाक्य बरोबर लिहिलं होतं, पण तिथवर कशी पोचली हे कागदावर नव्हतं.

पुढचे महिने तिने नवं काहीच वाचलं नाही. रोज घड्याळ लावून दोन-तीन उत्तरं लिहायची, मग सुचवलेल्या उत्तराशी ओळ-ओळ ताडून पाहायची. मानकाचा क्रमांक आठवत नसेल तर चुकीचा ठोकून द्यायचा नाही, नुसता आशय लिहायचा, हेही तेव्हाच ठरवलं. पुढच्या परीक्षेत रिपोर्टिंगला ५१, ऑडिटला ५५. जमेचे ६३ धरून १६९. ग्रुप सुटला.

दुसऱ्या ग्रुपमध्ये प्रत्यक्ष कर, अप्रत्यक्ष कर आणि एक पुस्तकं घेऊन बसायचा पेपर. त्या शेवटच्या पेपराबद्दल लोक म्हणतात, "पुस्तक उघडून लिहायचं, त्यात काय?" चार तासांत सगळ्या विषयांच्या मिसळलेल्या केसेस सोडवायच्या असतात, आणि पान शोधत बसलं की वेळ गेला. मनूने प्रत्येक पुस्तकाला चिकटपट्ट्या लावून स्वतःची सूची केली होती. सगळं डोक्यात होतं म्हणूनच ती सूची कामाला आली.

मी काय केलं, असंही लोक विचारतात. मी पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. गणपती पेठेत, मारुती रोडला दुकानोदुकानी फिरते. मनू लहानपणी संध्याकाळी माझ्याबरोबर भरणा जुळवायला बसायची, रुपया कमी पडला तर सापडेपर्यंत उठायची नाही. तिच्या क्लासची फी माझ्या कमिशनमधून गेली, नंतर तिच्या स्टायपेंडमधून पुस्तकं आली. यात उपकाराची भाषा नको. आईचं काम होतं, ते मला आवडलं, मी केलं. "तू तिची आई पण झालीस आणि बाप पण" असं कौतुकाने म्हणणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, मी बाप झाले नाही. मी तिची आई आहे, आणि तेवढ्यात तिचं सगळं झालं.

तिचं नाव ती लिहिते तसं आहे: तिचं नाव, मधे माझं नाव, मग माझं माहेरचं आडनाव. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी राजपत्रात बदल करून घेतला, कारण पुढची सगळी कागदपत्रं दहावीच्या नावावरच चालतात. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लावायचा महाराष्ट्र सरकारचा नियम आहे, तेव्हा तो नव्हता. शाळेतल्या एका क्लार्कने "पण वडिलांची हरकत नाही ना?" असं तीनतीनदा विचारलं. मी कागद पुढे केला, गोष्ट सांगितली नाही. मनूही शेजारी उभी राहून ते बघत होती. नंतर पासपोर्टच्या वेळी तिने एकटीने जाऊन फक्त आईचं नाव दिलं, कारण २०१६ च्या नियमानुसार दोघांपैकी एकाचं नाव पुरतं, हे तिनेच आधी वाचून ठेवलं होतं. खिडकीवर तिनेही गोष्ट सांगितली नाही.

आता ती सीएंच्या संस्थेच्या सदस्यत्वाचा फॉर्म भरतेय. त्यानंतर तिला तिचा सदस्य क्रमांक मिळेल, आणि पुढे प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र घेतलं तर ऑडिटर म्हणून ताळेबंदावर ती सही करू शकेल. पुण्यातल्या नोकरीची मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे.

कमेंटमध्ये तिच्याविषयी हवं ते विचारा, अभ्यासाचं असेल तर ती स्वतः उत्तर देईल. फायनल देणाऱ्या सांगलीतल्या मुलांसाठी तिच्या ऑडिटच्या वह्या घरी ठेवल्यात, येऊन झेरॉक्स काढून न्या. पेठेतल्या माझ्या सगळ्या दुकानदारांना उद्या भरण्याबरोबर पेढे मिळतील.