‘काम झाल्यावर डिलीट करा?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : “ताई, पोर्टलला पाठवायच्या पत्राचा नमुना वाचला. मी अकरा वर्षं एका ट्रस्टच्या शिष्यवृत्ती विभागात काढली आहेत म्हणून सांगतो. पैसे हवे होते तेव्हा आधारपासून रेशनकार्डापर्यंत सगळं स्वतःच्या हाताने अपलोड केलंत, आणि आता पदवी हातात आल्यावर ‘डिलीट करा’? ऑडिटसाठी रेकॉर्ड ठेवावंच लागतं. ज्या कायद्याचा धाक घातलाय त्याची ती कलमं अजून लागूही नाहीत. असली पत्रं आली की पुढच्या मुलांचे अर्ज रखडतात. गुगल करून कायदा शिकवू नका.”

नमस्कार.

शिष्यवृत्ती संपल्यावर पोर्टलवरचे आपले कागद काढून टाकायला सांगणाऱ्या पत्राचा नमुना मी मागच्या लेखात दिला होता, त्यावर तुमची ही प्रतिक्रिया. सुरुवात ‘ताई’ने आणि शेवट ‘शिकवू नका’ने. मधे अकरा वर्षं. तुमचा अनुभव मोठा असेलही, पण तो सांगायला हाच सूर लागतो का?

कायद्याचं तुमचं बरोबर आहे, ते आधी संपवते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि माहिती पुसून मागण्याचा हक्क देणारं कलम १२ त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायचंय. माझ्या नमुन्यात ‘कायद्याने आपणांस बंधनकारक आहे’ असं वाक्य होतं. ते काढलं, तिथे ‘विनंती आहे’ केलं. झालं समाधान?

आता ते वाक्य. ‘पैसे हवे होते तेव्हा.’

बाबा इचलकरंजीत यंत्रमागावर होते. २०१९ मध्ये मी इंजिनिअरिंगला लागले तेव्हा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ते दोन दिवसांची पाळी बुडवून तहसील कचेरीत बसले होते. पोर्टलवर मी नऊ कागद चढवले : दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, आधार, बोनाफाइड, फीची पावती, आईच्या पासबुकाचं पहिलं पान आणि रेशनकार्ड. होय, स्वतःच्या हाताने. त्याची लाज तेव्हा नव्हती, आजही नाही. पण त्या रेशनकार्डावर आजीसकट सहा जणांची नावं आहेत. अर्ज मी केला होता, आजीने नाही. चार वर्षांची फी ज्यांनी भरली त्यांच्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते मी त्या लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. तो तुम्ही वाचलेला दिसत नाही. उपकार मानायचे म्हणजे आजीचं नाव कायमचं कुणाच्या तरी सर्व्हरवर ठेवायचं, असा हिशोब मला कुणी शिकवलेला नाही.

बरं, ऑडिट. धर्मादाय संस्थांनी कोणती पुस्तकं ठेवायची ते माझ्या शेवटच्या हप्त्याच्या वर्षाला लागू असलेल्या आयकराच्या नियम १७एए मध्ये आहे. तो नियम २०२२ मध्ये आला. ज्याला पैसे दिले त्याचं नाव, पत्ता, रक्कम आणि कशासाठी दिले, ही नोंद ठेवायची, आणि संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून दहा वर्षं ठेवायची. माझा शेवटचा हप्ता २०२२-२३ चा. त्याचं आकारणी वर्ष २०२३-२४, ते संपलं मार्च २०२४ ला. म्हणजे माझी नोंद मार्च २०३४ पर्यंत ठेवा, मी ती पुसा म्हटलेलंच नाही. पात्रता दाखवायला उत्पन्नाचा दाखलाही हवा असेल, तर तोही ठेवा. आईचं पासबुक कोणता ऑडिटर मागतो? आणि ज्यांना तुम्ही एक रुपयाही दिला नाही, त्या नापसंत अर्जदारांचे कागद कोणत्या ऑडिटसाठी ठेवता?

‘असली पत्रं’ म्हणता, म्हणून माझ्या पत्राने काय झालं ते सांगते. पत्र पाठवायच्या आधी मी लॉगिन करून सगळं उतरवून घेतलं, विशेषतः मंजुरीपत्र, कारण ते नंतर कुठेही लागतं. मग प्रत्येक कागदावर राइट-क्लिक करून त्याची लिंक एका वहीत, म्हणजे फाइलीत, जपून ठेवली. पत्र नोंदणीकृत ईमेलवरूनच पाठवलं, ओळख पटवायला आधारची प्रत पुन्हा जोडली नाही. (पहिल्या नमुन्यात ती जोडा असं मी लिहिलं होतं. कागद पुसा म्हणायला आणखी एक कागद द्यायचा, हा वेडेपणा माझाच. फारच आग्रह झाला तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या.) तीन आठवड्यांनी उत्तर आलं : ‘आपले खाते निष्क्रिय करण्यात आले आहे.’

लॉगिन होईना. पण जपलेली लिंक ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडली, तर रेशनकार्ड जसंच्या तसं समोर. यात कुणाचा दुष्टपणा नाही. खातं ही डेटाबेसमधली एक ओळ असते, फाइली वेगळ्या साठ्यात असतात. ‘निष्क्रिय’ म्हणजे त्या ओळीवर एक खूण बदलली, फाइलीला कुणी हातही लावला नाही. पासवर्ड विसरलात का, यावर टिचकी मारली तर ओटीपीही आला. म्हणजे खातंही होतंच.

म्हणून दुसरं पत्र, आणि तोच तुम्ही वाचलेला नमुना. त्यातला गाभा एवढाच :

‘खाते निष्क्रिय न करता काढून टाकावे. अपलोड केलेल्या फाइली, तसेच कागद पडताळणीसाठी बाहेरच्या संस्थेला दिलेल्या प्रती काढाव्यात. माजी विद्यार्थी यादीतील माझे पान उतरवावे. कोणती फाइल कोणत्या तारखेस काढली, कोणती नोंद कोणत्या कारणास्तव व कधीपर्यंत ठेवली, हे लेखी कळवावे. बॅकअपमधील प्रती किती दिवसांत आपोआप पुसल्या जातात तेही कळवावे.’

यात धाक कुठे दिसला?

याचं उत्तर नीट आलं. आठ फाइली काढल्या, दाखला आणि हप्त्यांची नोंद ठेवली, तारखेसह. मी पुन्हा लिंक उघडली, तर `AccessDenied`. इथे एक गंमत आहे. या शब्दांचा अर्थ फाइल गेली असाही होतो आणि फक्त दाराला कुलूप लागलं असाही. बाहेरून ते ओळखता येत नाही. म्हणूनच लेखी तारीख मागायची. उद्या तोच कागद कुठे बाहेर आला, तर बोट ठेवायला जागा राहते.

बाकी वाचकांसाठी दोन गोष्टी. शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत हे पत्र पाठवू नका, आणि शिष्यवृत्ती कर्जाऊ असेल तर परतफेड पुरी होईपर्यंत विषयच काढू नका, तेव्हा कागद ठेवण्याचा त्यांना पुरेपूर अधिकार आहे. आणि हा नमुना खासगी ट्रस्टसाठी आहे. महाडीबीटीसारख्या सरकारी पोर्टलला तो चालवू नका. शासनाकडच्या माहितीला पुसण्याच्या तरतुदीतून त्याच कायद्याने, कलम १७ मध्ये, सूट दिली आहे. हेही मी गुगल करूनच शोधलं. मूळ कायदा तिथेच मिळतो, साहेब.

पुढच्या मुलांचे अर्ज माझ्या पत्राने रखडतात, याला उत्तर देत नाही.

अकरा वर्षं विभागात होतात, तर एवढं सांगा : निवड न झालेल्यांचे कागद तुमच्याकडे कधी काढले जायचे? महिना, वर्ष, काहीही. उत्तर आलं तर एक शब्द न बदलता छापते.