भडकलेल्या पेशंटचं दार अडवू नका

"पेशंट भडकला की डोळ्यात डोळे घालून आवाज चढवा, चौघांनी घेरा, दार लावून घ्या. गोड बोलून काही होत नाही, त्याला समजतच नसतं. स्टाफ कमी असेल तर सरळ बांधून टाका. नर्सिंगच्या सगळ्या मुलामुलींना पाठवा."

हा मेसेज माझ्या भाचीला आला. लातूरला जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुढच्या आठवड्यात सायकियाट्री वॉर्डची पोस्टिंग, आणि मला विचारते, मावशी असंच करायचं का? माझं डोकंच फिरलं.

दाराचं आधी सांगते, कारण मार तिथंच बसतो. ज्याला आधीच वाटतंय की लोक मारायला आलेत, त्याची वाट बंद केली की त्याच्याकडं अंगावर यायचंच उरतं. त्याचंही दार मोकळं पाहिजे अन् आपलंही. अमेरिकेतल्या इमर्जन्सी सायकियाट्रीच्या डॉक्टरांनी 2012 ला प्रोजेक्ट बीटा म्हणून गाइडलाइन काढली, तिच्यात पहिलाच मुद्दा हा आहे: निदान दोन हात लांब राहा, तो बाजूला हो म्हणला की लगेच हो. आणि बोलणारा एकच.

आमच्याकडं एक तिशीतला शेतकरी होता, रात्री खिडकीची जाळी हलवत ओरडत होता, "मला कशाला कोंडून ठेवलालेत?" मी समोर नाही, थोडी तिरपी उभी राहिले, हात मोकळे अन् त्याला दिसतील असे. नाव सांगितलं, म्हणलं, "दादा, मी रात्रीची सिस्टर. काय पाहिजे तुम्हाला?" तो शिव्या देत राहिला. मी तेच छोटं वाक्य, त्याच आवाजात, तीन-चारदा म्हणलं, कारण इतक्या रागात पहिलं वाक्य कानात शिरतच नाही. मग निघालं की घरी म्हैस व्यायला झालीय अन् भावाचा फोन लागत नाही. "काळजी वाटणारच," म्हणलं, "पण जाळी सोडा, काच लागंल. आधी पाणी घेता का आधी फोन लावू?" फोन म्हणला. जाळी सुटली. त्याला समजत नव्हतं असं कोण म्हणेल?

एक मात्र खरं, एकट्यानं जायचं नाही. बाकीचे मागं, हाकेच्या अंतरावर. आणि हातात काच किंवा सळई असेल, मुठी आवळून पुढं येत असेल, तर बोलत बसू नका, मागं सरका अन् माणसं बोलवा. घाम, हातपाय थरथर, मधेच बरळणं दिसलं तर साखर तपासायला अन् दारू कधी सुटली ते विचारायला डॉक्टरांना सांगा.

बांधायचं म्हणाल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 97 वाचा. तात्काळ इजा टाळायला दुसरा उपायच नसेल तरच, सायकियाट्रिस्टच्या परवानगीनं, अन् नोंद करून. स्टाफ कमी हे कारण तिथं स्पष्ट नाकारलंय.

भाचीला सांगितलंय, आत जाताना ओढणी, गळ्यातली आयडीची दोरी अन् स्टेथोस्कोप काढून ठेव.