कूलर खोलण्याचा उन्हाळी वर्ग

ऊन भाजतं म्हणून विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. सोय लेकरांची, भोग आईबापांचा. ट्यूशनला धाडलं तरी पोरं दुपारच्या आत घरी हजर, आणि मग अख्खी दुपार ती आणि मोबाईल.

गल्लीतल्या वायरमन भाऊंनी तोडगा काढला, "पोरायले कूलर खोलाले शिकवतो." नमुना म्हणून आमचा कूलर निवडला गेला. तो घूंऽऽ करायचा, पण पंखा फिरायचा नाही. मला कुणी विचारलंच नाही.

पहिला नियम : ज्याच्या हातात पेचकस, त्याच्याच दुसऱ्या हातात प्लग. माझ्या पोरीनं विचारलं, "बटन बंद हाये न, मंग प्लग कायले काढाचा?" भाऊ म्हणाले, "बटन चुकीच्या तारेवर असन त न्यूट्रल तुटते, फेज पेटीतच बसून राह्यते. ओल्या पत्र्याले हात लावला का संपलं."

मग पातं हातानं फिरवून पाहिलं. जड फिरलं असतं, तर बुश कोरडा, तेल द्यायचं. आमचं पातं मात्र भिंगरीसारखं फिरलं. म्हणजे संशय कंडेन्सरवर. खात्रीसाठी भाऊंनी सगळ्यांना मागं सरकवून स्वतः प्लग लावला आणि कोरड्या काडीनं पात्याला धक्का दिला. पंखा फिरू लागला. धक्का दिल्यावर चालतो, आपणहून सुरू होत नाही, म्हणजे कंडेन्सर मेला. जुन्यावर 2.5 मायक्रोफॅरड लिहिलेलं होतं. कुंपणावरून शेजारी ओरडले, "चारचा टाका, हवा जास्त येईन!" भाऊंनी त्यांना वर्गाबाहेरच ठेवलं. मोठा टाकला की हवेऐवजी मोटरचं वाइंडिंग तापतं, म्हणून जेवढा लिहिलाय तेवढाच. जुना काढताना मात्र आधी त्यात साठलेला करंट भाऊंनी काढून टाकला, मगच पोरांच्या हातात दिला.

खरा तमाशा पुढं झाला. प्लगची जाड पिन कुणीतरी उपटून टाकलेली, कारण आमच्या बोर्डाला दोनच भोकं! हिरवी तार शेपटीसारखी लोंबत होती. पोरांनी पेटीचा रंग सँडपेपरनं खरवडून ती उघड्या पत्र्याला स्क्रूनं आवळली, कारण रंगावरून करंट जात नाही. प्लग नवा, तीन पिनांचा लावला, बोर्डही तीन भोकांचा बसवला. "घराचं अर्थिंगच नसन, त ही तार फक्त शोभेची," भाऊंनी बजावलं आणि सगळी फौज घरामागं, जमिनीत गेलेली अर्थिंगची तार शोधायला पळाली.

संध्याकाळी कूलर सुरू झाला. मी लगेच दारं-खिडक्या लावून घेतल्या, तर पोरगी धावत आली : "बाबा, खिडकी उघडा! दमट हवा बाहेर जाईन तवाच थंड लागन." त्याच वेळी पोरानं वहीचं पान हातात ठेवलं. मजुरी वेगळी, कंडेन्सर वेगळा, आणि उद्या शेजाऱ्यांच्या कूलरसाठी पेचकस आमचाच जाणार.