‘कुणीतरी’ म्हणजे कोण गं?

आज वाचनगटातून घरी आले ती डोकं तापवूनच. चहासुद्धा घेतला नाही, सरळ लिहायला बसले. लांबलचक होणार आहे, वाचायचं तर वाचा.

नाताळ जवळ आलाय म्हणून आज पॅट्रिक कॅव्हनाची ‘अ ख्रिसमस चाइल्डहुड’ वाचायला घेतली होती. आयर्लंडमधल्या मोनाहन परगण्यातला हा कवी. बाप चांभारकाम करून थोडीशी शेती बघायचा. मोठेपणी, बालपणीचा नाताळ आठवून लिहिलेली कविता. वाचून झाली आणि एक गृहस्थ मागे रेलून म्हणाले, “सगळा गुळाचा पाक. नॉस्टॅल्जिया म्हणजे खोटेपणाच.” आणि आमच्यातल्या निम्म्या जणींनी माना डोलावल्या!

अहो, कवितेची पहिली ओळ तरी नीट वाचा. झाडबिड नाही, घंटा नाही, सांताक्लॉज नाही. शेतात बटाटे साठवायला मातीचे ढीग करतात, त्यांची एक बाजू दहिवराने पांढरी झालीय. एकच बाजू. पाक करणाऱ्याने अख्खा ढीग पांढरा केला असता. दहिवर पडतं तसं कुठे बसतं आणि कुठे टिकतं हे ज्याने पहाटे उघड्यावर उभं राहून पाहिलंय, तोच ‘एक बाजू’ लिहितो. लगेच पुढच्या ओळीत ‘किती अद्भुत, किती अद्भुत’ येतं, ते मात्र मोठ्या माणसाचं. पोर ‘अद्भुत’ म्हणत नाही, नाक पुसतं आणि बघत राहतं. पाहिलेलं पोराचं, त्यावरचा रंग मोठ्याचा. कवितेत दोन्ही शेजारीशेजारी ठेवलेत, लपवलेलं काही नाही.

हे मी तिथे बोलले असते तर बरं झालं असतं. मी बोलले, “तुम्हाला बालपणच नसेल.” जाऊ दे.

तर माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी दिवाळीवर एक कविता लिहिली होती. एका छोट्या दिवाळी अंकात आलीसुद्धा. नरकचतुर्दशीची पहाट, कडाक्याची थंडी, उटण्याचा वास, पायाच्या अंगठ्याखाली फुटलेलं कारीट, आणि एक ओळ होती, ‘कुणीतरी बंब पेटवला’. माझी मला फार आवडलेली. आईला अंक नेऊन दिला. तिने चष्मा लावला, बोट ठेवून ओळीओळीने वाचलं आणि त्या ओळीवर बोट थांबलं.

“कुणीतरी म्हणजे कोण गं?”

आज कॅव्हना वाचताना मी दचकले ती इथेच. त्याच्याही कवितेत पहाटे ‘कुणीतरी’ भात्याचं चाक फिरवतं. तिकडे चुलीला वारा घालायला हाताने फिरवायचं चाक असे. आणि ते कसं फिरवतं, तर म्हणे हुरहुरत. ऐका, पहाटे विस्तव पेटवणाऱ्या माणसाला हुरहूर नसते. झोप असते, गार पडलेली बोटं असतात. हुरहूर त्याला आहे, जो १९३९ साली शेत सोडून डब्लिनला गेला आणि तिथून मागे बघतोय.

आणि बाप काय करतोय? बाप फाटकाशी उभा राहून मेलोडियन वाजवतोय. भात्याची छोटी पेटी असते ती, छातीशी धरून वाजवायची. सूर दलदलीपलीकडच्या शेजाऱ्यांपर्यंत जातात, पूर्वेचे तारे नाचतात, वाटेने जाणारा म्हातारा म्हणतो, काय बोलकी करतो हा पेटी! आई काय करतेय? आई गोठ्यात धारा काढतेय. सणाच्या दिवशी. आणि कवी म्हणतो, तीही संगीतच करत होती, दूध काढण्याचं. तिचा कंदील म्हणजे तारा.

इथे माझं डोकं फिरलं. त्या गृहस्थांवरचा राग राहिला बाजूला, कवीवरच राग आला. बापाच्या हातात खरी पेटी, आईच्या हातात सड, आणि दोघांचं संगीत एकच? नॉस्टॅल्जिया नेमका इथे रंग मारतो बघा. बटाट्याच्या ढिगावर नाही, बाईच्या कामावर. आमच्याकडेही बाबा रेडिओ लावून बसायचे. माझ्या कवितेत रेडिओ होता, बाबा होते, सनई होती. आई ‘कुणीतरी’ होती.

पण थोडं थांबते. याच माणसाने १९४२ मध्ये ‘द ग्रेट हंगर’ लिहिली. तोच प्रदेश, तीच माती, पण तिथे बटाटे वेचणारी माणसं चालत्या बुजगावण्यांसारखी दिसतात आणि एका शेतकऱ्याचं आयुष्य त्या चिखलात वाळून जातं. १९४७ च्या त्याच्या एकाच संग्रहात या दोन्ही कविता आहेत. म्हणजे त्याला माहीत नव्हतं असं नाही. आणि नाताळच्या कवितेतही तो कबूल करतो की बालपणाच्या त्या बागेतलं अधूनमधून थोडंसंच आठवतं. बरं, मानलं. गृहस्थांचंही अर्धं मानते, रंग आहेच. पण खोटेपणा? नाही म्हणजे नाही.

आता हे बघा. पोराने चाकूच्या मोठ्या पात्याने दाराच्या चौकटीवर सहा खाचा केल्यात. चाकूला एक छोटं पातंही आहे, तंबाखू कापायचं, हेही तो सांगतो. पोरांना असल्याच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. ‘मी सहा नाताळांचा होतो’, म्हणतो. वर्षांचा नाही, नाताळांचा! कॅव्हनाचा जन्म ऑक्टोबर १९०४ चा, म्हणजे नाताळ मोजले तर सहावा १९०९ चा आणि पोरगं जेमतेम पाचाचं. त्या पाचाच्या पोराच्या डोक्यावर तो शर्मिष्ठा हा तारकासमूह नावासकट टांगतो. क्षितिजावरची तीन काटेरी झुडपं बाळ येशूला भेटायला निघालेले तीन राजे होऊन जाताना दिसतात, ते पोराने पाहिलेलं असणार, पैज लावते. शर्मिष्ठा मात्र नंतर शिकलेली.

आणि बाप? तो १९२९ मध्येच गेला होता. कविता त्यानंतरची. हे मला आधी माहीत असूनही आज पहिल्यांदा कळल्यासारखं वाटलं. गेलेल्या माणसाला फाटकाशी उभं करून त्याच्या हातात पेटी द्यायची, तर तारे नाचवणारच की. मीही बाबांसाठी सनई लावली होतीच ना. आई तेव्हा होती, समोर बसून वाचत होती. तिच्यासाठी तारे कोण नाचवणार? (कॅव्हनाची आईसुद्धा १९४५ पर्यंत होती. तिने ती ओळ वाचली का, आणि वाचून काय म्हणाली असेल, एवढंच मला आज विचारावंसं वाटतंय.)

माझी आई काय म्हणाली ते सांगते. अंक मिटला, चष्मा काढला.

“थंडी कसली लिहिलीस? त्या वर्षी पाऊस होता. ढलप्या सगळ्या ओल्या. रॉकेलची चिंधी घालून तीनदा पेटवला तेव्हा पाणी तापलं. तू तर उठतच नव्हतीस.”

आणि मग, जरा वेळाने, “सनई मात्र होती. ते बरोबर लिहिलंयस.”

मी ‘कुणीतरी’ खोडून ‘आईने’ लिहून पाहिलं. चाल मोडली. दोन दिवस खटपट केली, बसेना. शेवटी ओळच काढली आणि तिथे ओल्या ढलप्या घातल्या. ती बदललेली कविता कुठेच छापून आली नाही. आईला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, चिंधी राहिली.