पाच मिनिटांच्या भाषणाला दहा पानं?

प्रतिक्रिया: «पाच मिनिटांच्या भाषणाला दहा पानं म्हणजे कागदाची नासाडी आहे. शिवाय ओळी अशा तोडल्या की माणूस कविता म्हटल्यासारखा प्रत्येक ओळीशी थांबतो. १४ च्या टाइपात दोन पानं काढून ओळीखाली बोट ठेवलं की काम भागतं.»

नमस्कार. बघून वाचायचं भाषण मोठ्या टाइपात आणि छोट्या, तोडलेल्या ओळींत छापावं, या माझ्या सल्ल्यावरची ही तुमची प्रतिक्रिया. कवितेसारखं वाचलं जातं हा तुमचा आक्षेप खरा आहे, म्हणून आधी त्याबद्दल. हा दोष छोट्या ओळीचा नाही, ओळ कुठे तुटली याचा आहे. पतसंस्थेच्या वार्षिक सभेतलं अध्यक्षांचं एक वाक्य घेऊ. समास वाढवून ओळ आपोआप तुटू दिली, की ते असं छापलं जातं:

सभासदांची मागणी रास्त असली
तरी लाभांशाचा दर यंदा वाढवता येणार
नाही, कारण राखीव निधीत आधी
भर घालणं गरजेचं आहे.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी अध्यक्षांनी मान वर केली, तर सभेला ऐकू येतं, ‘दर यंदा वाढवता येणार’. टाळ्या पडू लागतात आणि मग ‘नाही’ येतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागून, त्यामुळे वाक्याचं शेपूट तुटलं की अर्थच उलटा होतो. हेच वाक्य असं तोडा:

सभासदांची मागणी रास्त असली तरी
लाभांशाचा दर यंदा
वाढवता येणार नाही,

कारण राखीव निधीत
आधी भर घालणं गरजेचं आहे.

इथे प्रत्येक ओळ एका नजरेत उचलता येते आणि वर बघून बोलता येते. ‘असली तरी’, ‘येणार नाही’, ‘च्या’ने संपणारा शब्द आणि त्याचं नाम, आकडा आणि त्याचं एकक या जोड्या कधीच फोडायच्या नाहीत. थांबायचं ते फक्त मोकळ्या ओळीशी. साध्या ओळीच्या शेवटी आवाज खाली आणायचा नाही, हे वक्त्याला आधी सांगावं लागतं; दोनदा मोठ्याने वाचलं की ती सवय लागते. वर्डमध्ये ओळ तोडायला Shift+Enter वापरा. नुसतं Enter दाबलं तर परिच्छेदांमधलं अंतर मध्ये घुसतं आणि मोकळी ओळ कुठली ते कळेनासं होतं.

आता बोट. बोट ओळ धरून ठेवतं, पण हात पोडियमला खिळतो आणि मान खालीच राहते. बोट न ठेवता मान वर केली, की लांब आणि दाट ओळींत परतलेली नजर शेजारच्या ओळीवर पडते. लागोपाठच्या दोन ओळी ‘संस्थेच्या’नेच सुरू होत असतील तर एक ओळ हमखास गळते, तिथे एका ओळीची सुरुवात बदलून घ्यावी.

टाइप २२ चा, ओळीत चार-पाच शब्द आणि ओळींतलं अंतर दीडपट. मात्र आकड्यावर विसंबू नका: त्याच आकड्यात कोकिळा फॉन्ट मंगलपेक्षा बराच बारीक दिसतो. ओळींतलं अंतर Exactly वर ठेवून कमी केलं, तर वरचे रफार आणि वेलांट्या छाटल्या जातात. ते Multiple वर १.५ ठेवा. जोर द्यायच्या शब्दाखाली रेघ मारू नका, ती उकारावरून जाते आणि ‘कु’ की ‘कू’ ते लांबून कळत नाही. तो शब्द ठळक करा. रक्कम अक्षरांत लिहा. ३,४७,५०० बघून मनात शून्यं मोजावी लागतात. ‘तीन लाख सत्तेचाळीस हजार पाचशे’ थेट वाचता येतं.

दहा पानं होतात ती पानाचा खालचा तिसरा हिस्सा कोरा सोडल्यामुळे. मजकूर तळापर्यंत नेला तर शेवटच्या ओळींना हनुवटी छातीला टेकते, आवाज कागदात जातो आणि माईकपासून तोंड फिरतं. उरलेल्या जागेत साधारण तेरा ओळी, म्हणजे साठेक शब्द बसतात. सभेतल्या संथ गतीने ते अर्ध्या मिनिटाचं बोलणं झालं. कागद वाचवायचाच असेल तर मागच्या कोऱ्या बाजूचे जुने कागद वापरा, पण पाठपोट छापू नका. पानं उलटायची नसतात, वाचून झालेलं पान डावीकडे सरकवायचं असतं. म्हणून स्टेपल नको, आणि उजव्या कोपऱ्यात मोठा क्रमांक हवा: ३/१०. वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर जाऊ द्यायचं नाही, भले पान दोन ओळी आधी संपो.

विन्स्टन चर्चिल यांची भाषणंही अशाच तुटक ओळींत टंकली जात.

छापून झाल्यावर कागद कमरेच्या उंचीच्या टेबलावर ठेवा आणि उभं राहून मोठ्याने वाचा. दर दोन ओळींनी समोरच्या भिंतीकडे बघून परत खाली या. जिथे नजर क्षणभरही भिरभिरली तिथे पेन्सिलीने खूण करा. ती ओळ बहुतेक वेळा सहा-सात शब्दांची निघते, नाहीतर चुकीच्या जागी तुटलेली. तेवढंच पान नव्याने छापा.